प्रगतिपत्रक, चौकटी आणि शिरोरेषा

शाळेच्या प्रगतिपत्रकावर तीन तऱ्हेची अक्षरे एकत्र नांदतात: छापील मथळे, चौकटीत बसवलेल्या श्रेणी आणि खाली बाईंनी किंवा गुरुजींनी शाईने लिहिलेले शेरे. फोटोवरून हा कागद संगणकात रकान्यागणिक उतरवताना वाईट हस्ताक्षराचा त्रास होणार, हे सगळ्यांनी धरलेलेच असते. प्रत्यक्षात त्याआधीच आपली शिरोरेषा आडवी येते.

नमुना म्हणून कोल्हापुरातल्या मराठी शाळेचे इयत्ता चौथीचे ए-४ आकाराचे पत्रक घेऊ. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनने कागद चौकटभर घेऊन फोटो काढला, तर लांबीच्या बाजूला सुमारे ४००० बिंदू मिळतात, म्हणजे इंचाला साधारण ३४०. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार त्यात सहा-सात बिंदू रुंद दिसतो. हाच फोटो व्हॉट्सॲपवरून आकुंचित होऊन लांबीला १६०० बिंदूंवर आला, की अनुस्वाराच्या वाट्याला तीनसुद्धा बिंदू उरत नाहीत. मग 'शांत'चे 'शात' होते, आणि पुढची कोणतीही हुशारी तो ठिपका परत आणत नाही. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. पावसाळ्यातल्या दमट हवेच्या धास्तीने लॅमिनेट केलेले पत्रक ट्यूबलाइटखाली धरू नये. खिडकीशेजारी, चमक पडणार नाही अशा कोनात ठेवावे. चमकेखालचे अक्षर फोटोत उतरलेलेच नसते.

फोटो तिरका असेल तर चार कोपरे ओळखून कागद सरळ करता येतो. मात्र हे गणित कागद सपाट आहे असे धरून चालते. दप्तरात मधोमध घडी पडलेल्या पत्रकाचे दोन उतार होतात आणि घडीजवळच्या ओळी वाकतात. अशा वेळी पानाच्या कोपऱ्यांऐवजी तक्त्यातल्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू धरून तुकड्यातुकड्याने सरळ करणे बरे.

यानंतर चौकटी शोधायच्या. नेहमीची पद्धत अशी: ठरावीक लांबीपेक्षा मोठा सलग आडवा काळा पट्टा दिसला, की ती तक्त्याची रेषा. रोमन लिपीच्या कागदावर हे बिनबोभाट चालते, कारण त्या अक्षरांत लांब आडवी रेघ नसते. देवनागरीत प्रत्येक शब्दावर ती असते. 'सुधारणा' हा हाताने लिहिलेला शब्द दोन-तीन सेंटिमीटर सहज घेतो, आणि एका झटक्यात तीन शब्दांवर रेघ ओढणारे गुरुजी सहा सेंटिमीटरपर्यंत जातात. नुसती लांबीची अट पुरत नाही. दुसरी कसोटी लावावी लागते: तक्त्याची रेषा दोन्ही टोकांना उभ्या रेषेला भिडते, शिरोरेषा मोकळ्या जागेत संपते.

खरी गंमत पुढे आहे. रेषा सापडल्यावर ती पुसून टाकायची आणि उरलेले अक्षर वाचायचे, असा बऱ्याच प्रणालींचा शिरस्ता आहे. पण छापील ओळीलाच शिरोरेषा समजून तिच्याखाली अक्षरे टांगायची सवय आपल्याकडे अनेकांना असते. ती ओळ पुसली की अक्षरांचे डोके जाते. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषा सलग आहे की मध्ये तुटली आहे यावरच उभा आहे. ती गेल्यावर 'भाषण'चे 'माषण' आणि 'धीट'चे 'घीट' होते. (छापील ओळीखाली टांगलेला 'भ' माणसालाही अडखळवतो, पण माणूस पुढचा शब्द पाहून सावरतो.) यावर उपाय सोपा आहे. रेषा फक्त चौकटीची जागा ठरवायला वापरावी, पुसू नये, आणि चौकट कापताना चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जास्त घ्यावी. बाहेर लोंबणारे उकार आणि खालच्या ओळीत घुसलेले शेऱ्याचे शेपूट त्यामुळे वाचते.

चौकटी सुट्या झाल्या की प्रत्येकीला तिच्या जातीप्रमाणे वागवायचे. छापील मथळे आधीच माहीत असतात; ते वाचायचे ते चौकटीची ओळख पटवण्यापुरते. श्रेणीच्या चौकटीत नऊच उत्तरे संभवतात: अ-१, अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२, ड, इ-१, इ-२. वाचकाला हीच यादी दिली, की 'ब'चा 'व' होत नाही. पण घाईत लिहिलेले 'ड' आणि 'इ' दोन्ही यादीत आहेत, तिथे यादी काही कामाची नाही. शेजारची आकड्याची खूण आहे का ते पाहावे, कारण 'ड'च्या पुढे आकडा येत नाही.

आता गणिताची ओळ घेऊ. चौथीला आकारिक मूल्यमापन ६० गुणांचे आणि संकलित ४० गुणांचे. या पत्रकावर गुणांचेही रकाने आहेत असे समजू. यंत्राने वाचले: आकारिक ४७, संकलित ३९, एकूण ७८, श्रेणी ब-१. ३९ हे ४० च्या आत आहे, म्हणून मर्यादेची तपासणी काही बोलत नाही. बेरीज मात्र ८६ येते. ब-१ ही श्रेणी ७१ ते ८० साठी, म्हणजे ७८ ला तिची साक्ष आहे. संशयित संकलितचा रकाना. कापलेला तुकडा मोठा करून पाहिला की ३१ दिसतात. एकाची शेपटी वर वळून नऊ झाली होती. त्यात काही शिक्षक एकाच तक्त्यात देवनागरी आणि रोमन आकडे मिसळतात, आणि देवनागरी १ हा रोमन 9 सारखा दिसतो. म्हणून कोणते आकडे आहेत हे पानाला एकदा ठरवून भागत नाही, चौकटीगणिक ठरवावे लागते.

मराठीच्या ओळीत मात्र वेगळेच निघते: ५२ आणि ३४, एकूण ८८, श्रेणी अ-२. बरोबर बेरीज ८६. दोन्ही आकडे ८१ ते ९० मध्येच असल्याने श्रेणी निवाडा देऊ शकत नाही. तुकडे पाहिले तर तिन्ही आकडे स्वच्छ आहेत. चूक लिहिणाऱ्याची आहे. इथे ८८ तसेच उतरवायचे आणि शेजारी 'बेरीज जुळत नाही' अशी नोंद करायची. दुरुस्तीचा अधिकार शाळेचा. जी प्रणाली इथे गुपचूप ८६ लिहिते ती मला धोकादायक वाटते, कारण तिच्या नोंदीतला कोणता आकडा कागदावरचा आणि कोणता तिने जुळवलेला, हे पुढे कळायला मार्ग राहत नाही.

हीच खोड शेऱ्यांत जास्त बोचते. हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रणाली अक्षराच्या आकाराबरोबर 'इथे कोणता शब्द शोभेल' याचाही अंदाज घेतात. 'प्रगती समाधानकारक' अशा नेहमीच्या शेऱ्याला त्याचा फायदा होतो. पण 'आवड/छंद' या रकान्यात बाईंनी 'हलगी छान वाजवतो' असे लिहिले, तर हलगी कधी न वाचलेले यंत्र 'हलकी छान वाजवतो' लिहून मोकळे होते, आणि तेही खात्रीने. 'असमाधानकारक'मधला पहिला 'अ' चौकटीच्या कडेत दबला, तर अर्थच उलटतो. म्हणून शेऱ्याच्या नोंदीत मजकुरासोबत तुकड्याचे चित्र ठेवावे, आणि न लागलेला शब्द अंदाजाने भरण्याऐवजी 'अवाच्य' असा दाखवावा.

रिकाम्या चौकटींचेही प्रकार आहेत. काहीच लिहिलेले नाही, आडवी रेघ मारली आहे, 'गै.ह.' लिहिले आहे, किंवा वरच्या ओळीप्रमाणेच म्हणून दोन टिंबे दिली आहेत, या चार वेगळ्या नोंदी आहेत. चारींना शून्य लिहिले तर गैरहजर मुलाला नापास केल्यासारखे होते. सहीच्या चौकटीतून नाव वाचायचा प्रयत्न करू नये. 'सही आहे' किंवा 'सही नाही' एवढे पुरते.