बटण सरळ ओढायचं की एका कडेने उचलायचं?

कीबोर्डचं अडकलेलं बटण काढताना क्लिप तुटते ती बहुतेक वेळा जोर जास्त झाला म्हणून नाही, तर जोराची दिशा चुकली म्हणून. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर सरळ वर ओढायची सवय लागलेला हात लॅपटॉपवरही तेच करतो. या दोन प्रकारांत बटण बसवण्याची पद्धतच वेगळी आहे, आणि ती वेगळी कशी झाली हे कळलं की निम्मी मोडतोड टळते.

आयबीएमचा 'मॉडेल एम' हा कीबोर्ड 1985 मध्ये आला. त्याची बहुतेक बटणं दोन भागांची होती: खाली दांडा आणि त्यावर अक्षर छापलेली टोपी. टोपी सरळ वर ओढली की निघायची. त्यामुळे वेगवेगळ्या देशांसाठी नुसत्या टोप्या बदलल्या की काम भागत असे आणि धूळ काढणंही सोपं जाई. त्याच दशकात चेरी कंपनीचा, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र बसणारा एमएक्स स्विच आला. त्याच्या दांड्याचं टोक अधिकच्या चिन्हासारखं असतं आणि टोपी त्यावर केवळ घर्षणाने बसते. इथे टोपीला क्लिप नाहीच. स्क्रूड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटलं, तर टोपीच्या आतल्या नळीला चीर जाते. म्हणून तारेचा पुलर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली अडकवायचा आणि सरळ वर ओढायचं. टोपी फारच घट्ट असेल तर कधी कधी तिच्याबरोबर स्विचचं वरचं झाकणच सुटून येतं आणि स्प्रिंग उडते, तेव्हा खाली कापड अंथरलेलं बरं.

एमएक्समध्ये क्लिपा आहेत त्या स्विचच्या अंगाला. धातूच्या पट्टीतल्या 14 मिलिमीटरच्या चौकोनी भोकात स्विच बसतो आणि वरच्या व खालच्या कडेच्या क्लिपा त्याला धरून ठेवतात. स्विच पुलरने या दोन्ही क्लिपा आत दाबायच्या आणि मगच उचलायचं. क्लिपा सुटूनही स्विच किंचित हलतो पण वर येत नाही, असं झालं तर थांबा. तो बहुधा खालच्या सर्किट बोर्डाला सोल्डर केलेला आहे. ओढत राहिलात तर बोर्डावरचा तांब्याचा पत्राच उखडेल. सोल्डर न करता स्विच काढता-घालता येणारे हॉट-स्वॅप कीबोर्ड आल्यापासून हा घोटाळा वाढला, कारण वरून पाहताना दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

लॅपटॉप पातळ करायचे म्हटल्यावर उंच दांड्याला जागा उरली नाही. मग कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले दोन प्लास्टिकचे तुकडे आले, त्यांच्या मधोमध रबराची घुमटी. टोपी आता चार ठिकाणी धरलेली असते: सहसा एका बाजूला खटकन बसणारे दोन आकडे, दुसऱ्या बाजूला सरकत्या खाचा. अ‍ॅपलने 2015 मध्ये 12 इंची मॅकबुकमध्ये याहून पातळ 'बटरफ्लाय' रचना आणली. तिच्यात बारीक कणही बटण अडवू शके आणि टोपी काढताना नाजूक क्लिपा तुटण्याची भीती असे. कंपनी लॅपटॉप 75 अंशांत तिरका धरून हवेचा फवारा मारायला सांगत होती. 2018 मध्ये दुरुस्ती योजना जाहीर करावी लागली आणि 2019 च्या 16 इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्री परत आली. माझ्या मते हे योग्यच झालं. उघडून साफ करता येत नाही असं बटण रोजच्या वापराला नको.

आता समजा, कात्रीच्या लॅपटॉपवर गोड चहा सांडून L चिकटलं आहे. आधी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. बटणाच्या कडेने पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा आणि थोडा वेळ थांबा, कारण वाळलेली साखर कात्रीला टोपीशी जखडून ठेवते आणि कोरडं ओढलं की सगळं एकत्रच उखडतं. आकडे कोणत्या बाजूला आहेत हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून त्याच मॉडेलच्या बटणाचा फोटो आधी शोधून पाहा. मग प्लास्टिकची पातळ पात आकड्यांच्या बाजूने, कोपऱ्याजवळ घालून किंचित उचला. एक 'टक्' ऐकू आला की दुसरा कोपरा. दोन्ही सुटले की टोपी उचलू नका, खाचांतून सरकवून बाहेर घ्या. स्पेस आणि एंटरखाली तारेची दांडीही असते, तीही अशीच सरकवून सोडवावी लागते.

बसवताना आधी कात्री तळाच्या पत्र्यावर सपाट बसली आहे ना ते पाहा, नंतर खाचा, शेवटी आकडे दाबा. कात्रीची काडीएवढी खुंटी तुटली असेल तर गोंद लावू नका. ती खुंटी फिरायची असते, गोंदाने ती जागीच धरली जाते. नवी कात्री घ्यावी लागते, आणि एकाच कीबोर्डवरही दोन-तीन प्रकारच्या कात्र्या असू शकतात, तेव्हा तुटका तुकडा सोबत घेऊन जा.