सिंक आणि बॅकअप: फोन रीसेट केल्यावर प्लेलिस्ट येते, गाणी का येत नाहीत?

"अगं, बॅकअप घेतला होता मी. मग गाणी कुठं गेली?" कोल्हापूरहून मामांचा फोन आला तेव्हा त्यांनी नुकताच फोन रीसेट केला होता. जागा भरली होती, फोन अडकायला लागला होता, म्हणून रात्री बॅकअप घेऊन सकाळी सगळं पुसलं. आता स्पॉटिफायमध्ये "अभंग" नावाची प्लेलिस्ट दिसत होती, त्यातली ३४० गाणीही यादीत दिसत होती. पण फोंडा घाटात रेंज गेली की एकही वाजत नव्हतं. दुसऱ्या एका साध्या म्युझिक प्लेअरमध्ये तर त्यांनी बनवलेली यादीच नव्हती.

यात मामांची चूक एवढीच, की फोनवर जे काही "परत येतं" ते सगळं बॅकअपमुळे येतं असं त्यांनी धरलं होतं. खरं तर परत येण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक सिंक, दुसरा बॅकअप. प्लेलिस्ट बहुधा पहिल्या रस्त्याने येते, सेटिंग्ज दुसऱ्या रस्त्याने, आणि अ‍ॅपमधली डाउनलोड केलेली गाणी दोन्हींपैकी एकाही रस्त्याने येत नाहीत. मी इथे अँड्रॉइड फोनबद्दलच लिहिते आहे, कारण आमच्या घरात तेच आहेत.

सिंकमध्ये मूळ वस्तू फोनवर नसतेच. ती त्या कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्याच्या नावाखाली असते आणि फोन ती फक्त दाखवतो. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिकची प्लेलिस्ट, आवडलेली गाणी, फॉलो केलेले कलाकार हे सगळं असं असतं. त्यामुळे फोन बदला, रीसेट करा, हरवा, त्याच खात्याने लॉगिन केलं की ते समोर येतं. इथे बॅकअपचा काही संबंध नाही. मामांनी रात्री बॅकअप घेतला नसता तरी "अभंग" ची यादी आली असती.

बॅकअप म्हणजे फोनवरच राहणाऱ्या गोष्टींची, एका ठराविक वेळी काढून दुसरीकडे ठेवलेली प्रत. अँड्रॉइडचा रोजचा बॅकअप गुगल खात्यात जातो. त्यात अ‍ॅपांची यादी, फोनच्या सेटिंग्ज, मेसेज, कॉलची नोंद आणि अ‍ॅपांचा थोडा डेटा असतो. "थोडा" हा शब्द महत्त्वाचा आहे: या सोयीत एका अ‍ॅपला जास्तीत जास्त २५ एमबी जागा मिळते. इक्वलायझर कसा लावला होता, गाण्यांचा क्रम काय होता एवढं त्यात सहज मावतं. गाणी मावत नाहीत. शिवाय आपला डेटा या बॅकअपमध्ये जाऊ द्यायचा की नाही हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो. काही अ‍ॅप तो जाऊच देत नाहीत. म्हणून एका अ‍ॅपच्या सेटिंग्ज जशाच्या तशा येतात आणि शेजारच्या अ‍ॅपच्या पहिल्यापासून लावाव्या लागतात. फोन बिघडला असं त्यातून समजू नका.

दोघांमधला आणखी एक फरक बऱ्याच जणांना उशिरा कळतो. सिंक पुसणंही सगळीकडे पोचवतं. नव्या फोनवर "ही यादी आता नको" म्हणून प्लेलिस्ट डिलीट केली, की ती जुन्या फोनवरून, टॅबवरून आणि संगणकावरूनही जाते, कारण ती एकच होती. नुसतं अ‍ॅप अनइन्स्टॉल केलं तर मात्र खात्यातलं काही जात नाही. बॅकअपचं उलटं असतं. तो त्या दिवशी जसं होतं तसं धरून ठेवतो, त्यानंतर बदललेलं त्याला माहीत नसतं. स्पॉटिफायवर चुकून डिलीट केलेली प्लेलिस्ट परत मिळवता येते, पण ब्राउझरमध्ये खात्याच्या पानावर जाऊन, "Recover playlists" मधून, आणि ९० दिवसांच्या आत.

एखादी यादी कोणत्या प्रकारातली आहे हे ओळखायला मी एकच गोष्ट करते. रीसेट करण्याआधी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याच खात्याने उघडून पाहते. तिथे यादी दिसली तर ती खात्यात आहे, निर्धास्त राहावं. दिसली नाही, किंवा त्या अ‍ॅपला लॉगिनच नसेल, तर ती यादी फक्त या फोनवर आहे.

सेटिंग्जसाठी तपासणी वेगळी. `Settings` मध्ये `Google` आणि त्यात `Backup` उघडा. काही फोनांत मध्ये `All services` लागतं. शेवटचा बॅकअप केव्हा झाला ते तिथे दिसतं. मग गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये `Backups` उघडून आपला फोन निवडला, की कोणत्या अ‍ॅपचा डेटा गेला आहे ते पाहता येतं. आपला प्लेअर तिथे नसेल तर त्याच्या सेटिंग्जच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा. याच फोनवर ठेवले तर तेही पुसले जातील. आणि हा बॅकअप परत आणायची जागा म्हणजे फोन पहिल्यांदा सुरू होतानाचे पडदे. घाईत `Don't copy` दाबून पुढे गेलात तर बहुतेक फोनांत पुन्हा रीसेट करूनच तिथे परत जाता येतं. तिथे जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकचा पिनही विचारला जातो, तो आठवत असू द्या.

आता डाउनलोड. "डाउनलोड" या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू असतात आणि खरा घोळ इथेच होतो. ब्राउझरमधून उतरवलेलं एमपी३ ही तुमची साधी फाइल असते. ती कॉपी होते, केबलने नव्या फोनवर जाते, मेमरी कार्डावर ठेवता येते. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिकमधलं डाउनलोड मात्र कुलूपबंद असतं, आणि किल्ली त्या फोनवरच्या त्या अ‍ॅपकडे असते. फोल्डर उचलून नव्या फोनवर ठेवलं, किंवा कार्ड काढून घातलं, तरी ते वाजत नाही. फक्त जागा खातं. म्हणून ती गाणी परत "आणता" येत नाहीत, पुन्हा उतरवावीच लागतात. उतरवल्यानंतरही महिन्यातून एकदा अ‍ॅपला इंटरनेट दाखवावं लागतं. स्पॉटिफायची मुदत ३० दिवसांची आहे. सदस्यत्व चालू आहे की नाही हे त्याला त्या वेळी तपासायचं असतं.

पुन्हा उतरवायचं म्हणजे किती, याचा हिशेब मामांसाठी मी कागदावर मांडला. ३२० केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटची गुणवत्ता लावली तर, आठ बिटांचा एक बाइट धरून, सेकंदाला ४० केबी, म्हणजे पाच मिनिटांच्या अभंगाला सुमारे १२ एमबी. ३४० गाण्यांचे झाले ४ जीबी. मामांच्या प्लॅनमध्ये रोज दीड जीबी मिळतो, म्हणजे पहिल्या दिवशी तो संपून उतरवणं मध्येच मंदावणार. १६० केबीपीएस लावलं तर निम्म्यात, २ जीबीत काम होतं, आणि एसटीच्या आवाजात तो फरक ऐकू येत नाही. मी त्यांना १६० लावायला सांगितलं आणि शेजाऱ्यांच्या वायफायवर रात्री फोन चार्जिंगला ठेवून उतरवायला लावलं. लक्षात ठेवा, ही गुणवत्ता निवडायची ती उतरवण्याआधी. दुसरं म्हणजे, प्लेलिस्ट दिसते म्हणून गाणी उतरली असं समजू नका. विमान मोड लावा आणि मधलंच एखादं गाणं वाजवून बघा. फिकट दिसलं तर ते अजून उतरलेलं नाही.

मामांच्या आधी असाच फोन मावशीचा आला होता, पण तिच्याकडे प्लेलिस्टही दिसत नव्हती. लायब्ररी पूर्ण रिकामी, आणि अ‍ॅप विचारत होतं, तुमचे आवडते कलाकार निवडा. ही ओळखीची खूण आहे: तो प्रश्न नव्या खात्याला विचारतात. ती पूर्वी ईमेलने आत जायची, या वेळी फोन नंबर टाकला, आणि तिच्या नकळत दुसरं खातं तयार झालं. जुन्या खात्यातलं सगळं जिथल्या तिथे होतं. सदस्यत्वाच्या पावतीचा मेल कोणत्या पत्त्यावर आला होता ते शोधलं, लॉगआउट करून त्याच पत्त्याने आत गेलो, आणि यादी आली. यूट्यूब म्युझिकमध्ये एकाच गुगल खात्याखाली दोन चॅनेल असतील तरी असंच होतं. लायब्ररी दुसऱ्या चॅनेलची दिसते. म्हणून यादी रिकामी दिसली की काहीही नव्याने बनवायच्या आधी खातं बघा.

राहिला मामांचा साधा प्लेअर. त्यातली गाणी कार्डावर होती म्हणून वाचली, पण यादी प्लेअरच्या आत होती आणि त्या अ‍ॅपचा डेटा बॅकअपमध्ये जात नव्हता. अशा प्लेअरमध्ये बहुधा यादी `m3u` फाइल म्हणून बाहेर काढायची सोय असते. मामांनी कधी काळी ती काढून मुलाला पाठवली होती, हे नशीब. ही फाइल म्हणजे नुसती मजकुराची यादी असते, गाणी कुठे ठेवली आहेत त्या पत्त्यांची:

```
/storage/1A2B-3C4D/Music/Abhang/01.mp3
```

मधला `1A2B-3C4D` हा त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक. तेच कार्ड नव्या फोनमध्ये घातलं तर पत्ता तोच राहतो. पण गाणी फोनच्या आतल्या जागेत हलवली की पत्ता असा होतो:

```
/storage/emulated/0/Music/Abhang/01.mp3
```

मामांनी गाणी आत हलवली होती, म्हणून प्लेअर "फाइल सापडली नाही" म्हणत होता. संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये जुना भाग शोधून नवा टाकला, फाइल परत पाठवली आणि यादी चालू झाली. कार्ड "अंतर्गत स्टोरेज" म्हणून फॉरमॅट केलेलं असतं तर मात्र हेही जमलं नसतं. तसं कार्ड त्या फोनच्या किल्लीने बंद होतं आणि रीसेटबरोबर किल्ली जाते.

एक गोष्ट परत मिळाली नाही. आजोबांच्या भजनाचं रेकॉर्डिंग मामांनी फोनच्या रेकॉर्डरने केलं होतं. ते ना कुठल्या खात्यात होतं, ना बॅकअपमध्ये, ना कार्डावर. रीसेटनंतर हरवलेल्या फाइली शोधून देणारी अ‍ॅप त्यांनी दोन दिवस लावून पाहिली. आताच्या फोनवरचा डेटा मुळातच कुलूपबंद असतो आणि रीसेट किल्लीच नष्ट करतो, म्हणून त्यांना काही सापडलं नाही. मामींच्या फोनवर त्याच्यातली चाळीस सेकंदं व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वी पाठवलेली मिळाली. ती आम्ही तिघांनी आपापल्या फोनवर उतरवून ठेवली आहेत.