सोनोग्राफीत चमकणारं यकृत

परवा रात्री मावसभावाचा फोन आला. "दादा, मुतखड्याची शंका होती म्हणून सोनोग्राफी केली. खडा नाही निघाला, पण खाली 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' लिहिलंय. मला तर कसलाच त्रास नाही!" वय ४६, वजन ८४ किलो, दारूला कधी हात लावलेला नाही.

त्रास नसण्यात नवल नाही. यकृताच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही. ते फार सुजून त्यावरचं आवरण ताणलं गेलं, तरच दुखतं.

आता हे 'ग्रेड १' डॉक्टरांना दिसतं कसं? पोटावर जेल लावून फिरवतात तो प्रोब ध्वनिलहरी आत सोडतो आणि परत येणारे प्रतिध्वनी पडद्यावर राखाडी ठिपके होऊन उमटतात. निरोगी यकृत आणि शेजारची उजवी किडनी यांचा राखाडी रंग जवळपास सारखा असतो. पण यकृताच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब साठले की चित्र बदलतं. चरबीतून ध्वनी थोडा हळू जातो, त्यामुळे प्रत्येक थेंबाच्या कडेला लहर थोडी विखुरते. असे असंख्य थेंब मिळून बराच ध्वनी माघारी पाठवतात आणि यकृत किडनीपेक्षा पांढरट, चमकदार दिसायला लागतं. हा झाला ग्रेड १. लहरी वाटेतच विखुरल्यामुळे खोलवर कमी पोचतात. यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की ग्रेड २, आणि मागचं श्वासपटलही दिसेनासं झालं की ग्रेड ३.

म्हणजे ग्रेड ही चमक किती, याची डोळ्यांनी केलेली नोंद आहे. मशीनचं सेटिंग बदललं, बघणारे डॉक्टर बदलले, तरी ती एका पायरीने इकडेतिकडे होऊ शकते. साधारण २० ते ३० टक्के पेशींत चरबी साठेपर्यंत सोनोग्राफीला ती नीट कळतही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यकृतात व्रण पडायला लागलेत का, हे ग्रेड सांगत नाही. पेशी सुजून मरतात, त्यांच्या जागी चिवट तंतू येतात आणि वर्षानुवर्षं ते वाढत गेले तर सिरॉसिस होतो. पुढचा धोका चरबीपेक्षा या तंतूंवरून ठरतो. ग्रेड ३ असूनही तंतू नसू शकतात, आणि ग्रेड १ मध्येही ते असू शकतात.

त्यासाठी पहिली चाळणी साध्या रक्ततपासणीतून होते. तिला फिब-४ म्हणतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स, एसजीओटी आणि एसजीपीटी, यात लागतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेट्सना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. प्लेटलेट्स मात्र हजारांत घ्यायच्या, म्हणजे २.१ लाख असतील तर २१०. भावाचा एसजीओटी ३८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट्स २.१ लाख. वरचा गुणाकार १७४८, खालचा सुमारे १५१४, उत्तर १.१५. आकडा १.३ च्या खाली असला तर गंभीर व्रणांची शक्यता कमी.

पण समजा ५८ वर्षांच्या कुणाचा एसजीओटी ५२, एसजीपीटी ४८ आणि प्लेटलेट्स १.६ लाख आहेत. उत्तर येतं २.७२. त्यांच्याही रिपोर्टवर ग्रेड १ च असू शकेल, पण त्यांनी यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं. १.३ ते २.६७ च्या मधल्यांना फायब्रोस्कॅन करायला सांगतात. त्यात यकृत किती कडक झालंय ते मोजतात. पस्तिशीच्या आत फिब-४ फारसं भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. नुसता एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

सोबत हिपॅटायटिस बी आणि सी, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब तपासून घ्यावा. चालू औषधं आणि दारूचं प्रमाण डॉक्टरांना खरं सांगावं. यकृतातली ही चरबी बहुतेकदा इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते, आणि अशा माणसांना यकृताआधी हृदयविकार गाठण्याची शक्यता जास्त असते.

'लिव्हर डिटॉक्स'च्या बाटल्या आणि घरचे काढे यांपासून मात्र दूर राहा. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. आधीच सोसणाऱ्या अवयवावर हा बोजा कशाला?

वजन पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. सूज आणि तंतू मागे हटायला सात ते दहा टक्के लागतात. भावाच्या हिशोबात पहिला टप्पा सुमारे चार किलो, दुसरा सहा ते साडेआठ. तो सावकाश, आठवड्याला अर्धा-एक किलोने गाठायचा. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. भावाने सकाळचा गोड चहा आणि संध्याकाळची फरसाणाची वाटी सोडायचं ठरवलंय. त्याचा एचबीए१सी ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. म्हणून त्याचं फिब-४ एक-दोन वर्षांत पुन्हा काढायचं आहे. साखर नॉर्मल असती आणि बाकी जोखीम नसती, तर दोन-तीन वर्षांनी चाललं असतं.