इन्व्हर्टरची बॅटरी घेताय? बिलावरची गॅरंटी, वॉरंटी, रिफंड आणि एक्स्चेंज आधी नीट वाचा

खानापूर, जांबोटीकडं पावसात एकदा लाईट गेली की हेस्कॉमवाले कधी आणतील सांगता येत नाही, बेळगावात पण उन्हाळ्यात तेच, त्यामुळं घरोघरी इन्व्हर्टर आलेत आणि बॅटरी खराब झाली की दुकानदाराशी वादही ठरलेलाच. दुकानात सांगितलेलं असतं "पाच वर्षं गॅरंटी हाय ओ, बिनधास्त न्या", आणि चौथ्या वर्षी बॅटरी घेऊन गेलं की तोच माणूस म्हणतो पैसे भरावे लागतील. तो दरवेळी फसवतच असतो असं नाही, कार्डावर बारीक अक्षरात तसंच लिहिलेलं असतं, आपण वाचलेलं नसतं एवढंच.

बॅटरीच्या कार्डावर बघा, ३६ + २४ महिने असं काहीतरी असतं. पहिला आकडा म्हणजे त्या काळात कंपनीच्या दोषानं बॅटरी गेली तर फुकट बदलून मिळणार, बाजारात याला गॅरंटी म्हणतात. दुसरा आकडा म्हणजे नवीन बॅटरीवर ठराविक टक्के सूट, त्याला प्रो-राटा म्हणतात आणि दुकानदार त्यालाच वॉरंटी म्हणतो. मिक्सर, फ्रीज, टीव्हीला वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा फक्त फुकट दुरुस्ती. म्हणून गॅरंटी हाय का वॉरंटी हाय एवढंच विचारून उपयोग नाही, "बिघडलं तर बदलून देणार, दुरुस्त करणार का सूट देणार, आणि कितव्या महिन्यापर्यंत" हे विचारायचं आणि कार्डावर बोट ठेवून बघायचं. तोंडी पाच वर्षं म्हणाला असेल तर बिलावर पेनानं लिहून सही-शिक्का घ्यायचा.

आता हिशोब करून बघू. समजा कार्ड ३६ + २४ चं आहे आणि बॅटरी ४० व्या महिन्यात बसली, आणि कार्डावर ३७ ते ४२ महिन्यांना ३० टक्के सूट छापलीय. ही सूट बऱ्याच कार्डांवर आत्ताच्या एमआरपीवर असते, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. समजा एमआरपी २०,००० आहे, तर तुम्ही भरणार १४,०००, आणि जुनी बॅटरी कंपनी ठेवून घेणार. पण एमआरपीला बॅटरी विकतं कोण, तीच बॅटरी दुकानात साधारण १५,५०० ला मिळत असेल आणि जुन्या बॅटरीचे एक्स्चेंजमध्ये ४,००० वजा होत असतील तर खर्च झाला ११,५००. म्हणजे वॉरंटीतून घेतलेली बॅटरी अडीच हजारानं महाग पडली, शिवाय नवीन घेतली तर पूर्ण गॅरंटी नव्यानं सुरू होते. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण प्रो-राटाच्या काळात दोन्ही भाव विचारल्याशिवाय जुनी बॅटरी दुकानात सोडू नका. आणि ३६ महिन्यांच्या आत फुकट बदलून मिळाली तरी त्या बदललेल्या बॅटरीला सहसा उरलेलेच महिने मिळतात, ३० व्या महिन्यात बदलली तर फुकट बदलीचे सहाच महिने.

क्लेम नाकारतात तो बहुतेक कागदावरून नाहीतर पाण्यावरून. बिल नसेल किंवा कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का नसेल तर कंपनी उत्पादनाच्या तारखेपासून महिने मोजायला बघते, आणि गोडाऊनमध्ये पडून राहिलेली बॅटरी असेल तर तिथंच चार-सहा महिने जातात. बिलावर सिरीयल नंबर लिहिलाय का, आणि तो बॅटरीवरच्या नंबरशी जुळतो का, हे दुकानातच तपासा आणि फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदाचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. डिस्टिल्ड वॉटर कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्या, कुणी ॲसिड ओतलं, टर्मिनल वितळलं, तर कंपनी हात वर करते. सर्व्हिसवाला आला की आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरनं सहाही सेल बघतो, पाच सेल ठीक आणि एकाचंच रीडिंग फार खाली असेल तर तो सेल गेलेला असण्याची शक्यता जास्त. ते सहा आकडे लिहिलेला सर्व्हिस रिपोर्ट मागून घ्याच, पुढं तक्रारीत हाच कागद चालतो. नुसतं "बॅटरी ओके" म्हणून तो गेला तर तुमच्याकडं काहीच उरत नाही.

आता रिफंडचं. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा शिक्का गणपत गल्लीपासून निपाणीपर्यंत दिसतो. वस्तू चांगली आहे पण तुम्हाला रंग आवडला नाही किंवा मन बदललं, तर परत घ्यायची की एक्स्चेंज करून द्यायची हे दुकानदाराच्या मर्जीवर आणि त्यानं बिलावर काय लिहिलंय त्यावर. पण वस्तूच सदोष असेल तर या शिक्क्याच्या आड त्याला लपता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं पण त्याच कलमात येतं. म्हणून नवी बॅटरी पहिल्या आठवड्यातच बॅकअप देत नसेल तर "चार्ज होऊ दे, बघू" करत महिना घालवू नका, ३० दिवसांच्या आत लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर तरी टाका, आणि क्रेडिट नोट नको, पैसे परत द्या असं स्पष्ट लिहा.

ऐकलंच नाही तर आधी कंपनीकडं तक्रार नोंदवून तक्रार नंबर घ्या, मग दुकान आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, साधारण १५ दिवसांची मुदत देतात. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, तिथं मराठीतून पण बोलता येतं, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपल्या सीमाभागातल्या लोकांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी, बॅटरी कोल्हापुरात घेतली असली तरी तुम्ही राहता बेळगाव जिल्ह्यात, तर तक्रार बेळगावच्या आयोगात करता येते. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथं दाखल करायची सोय दिलीय, कोल्हापूरचा दुकानदार "इकडं येऊन केस करा" म्हणाला तर ऐकायचं नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, e-jagriti.gov.in वरून ऑनलाईन पण दाखल होते.

जोडायला बिल, शिक्क्याचं वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबरचा फोटो, सर्व्हिस रिपोर्ट, नोटिशीची कॉपी आणि पोस्टाची पावती, राहण्याचा पुरावा, आणि शपथपत्र. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही समोरचा पक्ष करा, नाहीतर एक दुसऱ्याकडं बोट दाखवत बसतो. मागणीत बदलून द्या, नाहीतर किंमत परत द्या, आणि त्रासाची भरपाई, असं तिन्ही लिहा.

बिल दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर जीएसटी नंबर टाकून घेतलं असेल तर समोरचा वकील "ही व्यापारी खरेदी, हा ग्राहकच नाही" म्हणणार. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, पण ते तक्रारीतच स्पष्ट लिहावं लागतं. घरच्या बॅटरीचं बिल मात्र घरच्या माणसाच्या नावावरच घ्या. आणि तक्रारीला मुदत २ वर्षं, ती खरेदीपासून नाही तर तक्रारीचं कारण घडल्यापासून, त्यामुळं क्लेम नाकारला ते तारखेसकट लेखी मागून घ्या.