घड्याळ रिसेट करायचं, पण फोनवरून

स्मार्टवॉच अडखळायला लागलं, नोटिफिकेशन येईनाशी झाली किंवा बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली, की शेवटी सगळे एकच सल्ला देतात: फॅक्टरी रिसेट मार. सल्ला बहुतेकदा बरोबरही असतो. पण हा रिसेट दोन बाजूंनी करता येतो, घड्याळावरून आणि फोनवरून, आणि तुमचे अलार्म आणि डायलची मांडणी परत मिळणार की नाही हे बऱ्याच अंशी तुम्ही कुठली बाजू निवडता यावर ठरतं. इथे मी ॲपल वॉचबद्दल लिहितोय.

घड्याळावरच Settings, General, Reset असं जाऊन Erase All Content and Settings दाबलं, तर घड्याळ पुसण्याच्या कामाला लागतं. त्याआधी ताजा बॅकअप घेतला जात नाही. आणि हे पुसणंही साधंसुधं नसतं. घड्याळातली माहिती एन्क्रिप्ट केलेली असते, म्हणजे कुलपात ठेवलेली. रिसेटमध्ये ती एकेक करून खोडत बसत नाहीत, तर कुलपाची किल्लीच नष्ट करतात. मागे उरलेली अक्षरं जगातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला वाचता येत नाहीत. म्हणून रिसेटनंतर ‘काहीतरी करून डेटा काढून द्या’ म्हणण्यात अर्थ नसतो.

तेच काम फोनच्या Watch ॲपमधून केलं, की क्रम बदलतो. घड्याळ फोनपासून वेगळं करताना, म्हणजे अनपेअर करताना, फोन आधी घड्याळाचा बॅकअप स्वतःकडे उतरवून घेतो आणि मगच घड्याळ पुसतो. एरवीही जोडलेल्या घड्याळाचा बॅकअप फोन अधूनमधून आपोआप घेतच असतो. त्यामुळे घड्याळावरून रिसेट मारलेल्याचंही सगळंच जातं असं नाही, पण हाती लागतो तो जुना बॅकअप. कालच लावलेला अलार्म त्यात असेलच याची खात्री नाही.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या एका काकूंचं घड्याळ असंच रिसेटला आलं होतं. त्यांचा दिवस त्या घड्याळावर चालतो. पहाटे पाचला तळजाईवर जायला उठवणारा अलार्म, दुपारी नातवाला शाळेच्या बसवरून आणायचा अलार्म, रात्री रक्तदाबाच्या गोळीची आठवण. डायलवर वर तापमान, खाली पावलं आणि कोपऱ्यात पाणी पिण्याची आठवण करणारं एक बाहेरचं ॲप. त्यांचा प्रश्न साधा होता: “हे सगळं परत असंच दिसेल ना रे?”

त्यासाठी आधी कुठली गोष्ट नक्की कुठे राहते ते पाहावं लागलं, कारण मनगटावर सारख्याच वाजणाऱ्या तीन सूचना तीन वेगवेगळ्या घरांतून येत होत्या. पहाटेचा अलार्म झोपेच्या वेळापत्रकातला होता. ते फोनच्या Health ॲपमध्ये असतं, त्यामुळे घड्याळ पुसल्याने त्याला धक्का लागत नाही. गोळीची आठवणही Health मधल्या Medications मधली, म्हणजे तीही फोनवरच. दुपारचा अलार्म मात्र काकूंनी घड्याळाच्याच Alarms ॲपमध्ये लावला होता. फोनच्या अलार्मच्या यादीत तो दिसत नाही. खरी भिस्त बॅकअपवर होती ती या एकाच अलार्मची.

तरीही मी डोळ्यांना दिसणारा पुरावा ठेवायला सांगतो. Watch ॲपमध्ये General खाली Enable Screenshots सुरू करायचं. मग घड्याळाचं गोल क्राउन आणि बाजूचं बटण एकदम दाबलं, की पडद्याचं चित्र फोनच्या फोटोंमध्ये जातं. काकूंच्या डायलचं एक, अलार्मच्या यादीचं एक आणि ॲपच्या मांडणीचं एक अशी चित्रं काढली. बॅकअप परत आल्यावर ‘आधी इथे काय होतं बरं’ हे आठवत बसायला नको.

मग घड्याळ चार्जरवर, फोन त्याच्या शेजारी. शेजारी हे महत्त्वाचं आहे. घड्याळ फोनच्या टप्प्याबाहेर असताना अनपेअर केलं, तर बॅकअपमध्ये शेवटची माहिती नसू शकते. Watch ॲपमध्ये All Watches, घड्याळापुढचं i चं चिन्ह, आणि Unpair Apple Watch. सिमवर चालणारं घड्याळ असेल तर इथे प्लॅन ठेवायचा की काढायचा असं विचारतात. तेच घड्याळ त्याच फोनला परत जोडायचं असेल तर ठेवायचा. पुढे ॲपल अकाउंटचा पासवर्ड लागतो, कारण चोरीविरुद्धचं कुलूप त्यानेच उघडतं. हा पासवर्ड बऱ्याच घरांत मुलाने किंवा सुनेने टाकलेला असतो, तेव्हा तो आधी विचारून ठेवलेला बरा.

परत जोडताना फोन दोन पर्याय देतो. त्यात Restore from Backup निवडायचं आणि सर्वांत ताज्या तारखेचा बॅकअप घ्यायचा. घाईत दुसरा पर्याय, म्हणजे नवीन घड्याळ म्हणून सुरू करण्याचा, दाबला गेला तर घाबरू नये. बॅकअप फोनवर तसाच असतो. पुन्हा अनपेअर करून पुन्हा जोडायचं, मात्र या वेळी तारीख नीट बघायची, कारण मधल्या रिकाम्या घड्याळाचाही एक बॅकअप आता यादीत आलेला असू शकतो.

काकूंचा डायल पहिल्या फेरीतच परत आला, ॲपची मांडणीही आली, दुपारचा अलार्म जागेवर होता. पाण्याच्या ॲपचा कोपरा मात्र रिकामा. हे बिघडलेलं नसतं. बाहेरची ॲप बॅकअपमध्ये भरून ठेवलेली नसतात, ती फोनकडून घड्याळावर नव्याने उतरतात आणि तोपर्यंत त्यांची जागा मोकळी दिसते. शिवाय अशा ॲपच्या फक्त सेटिंग्ज बॅकअपमध्ये येतात. त्यांनी साठवलेली माहिती त्या त्या ॲपच्या फोनवरच्या भागात किंवा खात्यात असली तरच परत दिसते.

घड्याळाचा पासकोड आणि ब्लूटूथच्या जोड्या तर मुळात येतच नाहीत. काकूंचे कानातले इअरबड्स दुसऱ्या कंपनीचे, ते नव्याने जोडावे लागले. याचं कारण असं, की घड्याळ आणि इअरबड्स एकमेकांना एका गुप्त किल्लीने ओळखतात. ती त्या दोन उपकरणांतच असते आणि बॅकअपमध्ये घेतली जात नाही. घड्याळाकडची प्रत पुसली गेली, की इअरबड्सना ते घड्याळ परकंच.

चालण्याचा हिशेब हा जरा नाजूक भाग. घड्याळ तुमच्या पावलाची लांबी हळूहळू शिकत असतं आणि तो अंदाज आरोग्याच्या नोंदींबरोबर बॅकअपमध्ये जातो. पण या नोंदी टिकायला फोनच्या iCloud मध्ये Health सुरू असावं लागतं, नाहीतर संगणकावरचा एन्क्रिप्ट केलेला बॅकअप हवा. रिसेटनंतर ओळखीच्या रस्त्याचं अंतर घड्याळ एकदम वेगळं दाखवू लागलं, तर हा अंदाज हरवला असं समजावं. मग झाडी नसलेल्या सपाट, मोकळ्या मैदानावर Outdoor Walk लावून नेहमीच्या चालीने वीसेक मिनिटं चालायचं. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये जीपीएसचा संदेश नीट मिळत नाही आणि घड्याळ चुकीचं शिकतं.

फोनही बदलायचा असेल तर क्रमाची फार काळजी घ्यावी. घड्याळाचा बॅकअप जुन्या फोनच्या पोटात असतो आणि फोनच्या बॅकअपबरोबरच बाहेर पडतो. म्हणून आधी घड्याळ अनपेअर करायचं, त्यानंतर जुन्या फोनचा बॅकअप घ्यायचा, तो नव्या फोनवर उतरवायचा आणि मगच घड्याळ जोडायचं. फोनचा बॅकअप आधी घेऊन घड्याळ नंतर वेगळं केलं, तर घड्याळाची ताजी प्रत जुन्या फोनवरच राहते. तो फोन एक्सचेंजमध्ये गेला, की तीही गेली.