टाइम सिरीज मोमेंटम

टाइम सिरीज मोमेंटम, म्हणजेच कालश्रेणी संवेग, ही गुंतवणुकीची नियमबद्ध पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक फंडाची तुलना फक्त त्याच्याच भूतकाळाशी होते. महिनाअखेरीस मागच्या बारा महिन्यांचा परतावा पाहायचा. तो शून्याच्या वर असेल तर पैसे फंडात राहतात, खाली असेल तर ते काढून लिक्विड फंडात ठेवायचे आणि पुढच्या महिनाअखेरीपर्यंत हात लावायचा नाही. सापेक्ष मोमेंटममध्ये दोन फंडांतला सरस कोणता ते शोधतात. इथे सगळेच फंड एकाच वेळी बाहेर पडू शकतात. मॉस्कोविट्झ, ऊई आणि पेडरसन या संशोधकांनी 2012 साली 58 फ्युचर्सवर या संवेगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले.

नियम एका ओळीत मावतो, पण त्याचे गुणदोष निफ्टी 50 च्या दोन घसरणींत स्पष्ट दिसतात. खालचे आकडे लाभांश न धरता, बंद भावाचे आहेत.

जानेवारी 2008 मध्ये निफ्टी 6,288 च्या शिखरावर होता. मेअखेरीस तो 4,870 पर्यंत उतरला, तरी वर्षभरापूर्वीच्या पातळीच्या वरच होता, त्यामुळे नियम गप्प राहिला. जूनअखेरीस 4,041 झाला आणि बारा महिन्यांचा परतावा उणे सहा टक्क्यांच्या आसपास गेला. तेव्हा बाहेर पडण्याची खूण मिळाली, म्हणजे शिखरापासून एक तृतीयांशाहून जास्त घसरण सोसून झाल्यावर. पुढे ऑक्टोबरात बाजार 2,524 पर्यंत कोसळला आणि ती सगळी पडझड लिक्विड फंडात बसून टळली. परतीची खूण मात्र जून 2009 अखेर आली, 4,291 वर. मे महिन्यात लोकसभेच्या निकालानंतर बाजार एका दिवसात सतरा टक्क्यांहून अधिक उसळला, त्या दिवशी हा नियम बाजाराबाहेर होता. विकले त्यापेक्षा सहा टक्के महाग परत घेतले. लिक्विड फंडाच्या व्याजाने तो फरक साधारण भरून निघाला असेल. म्हणून 2008 मध्ये या पद्धतीने पैसे कमावून दिले असे म्हणणे चूक आहे. तिने दिले ते एवढेच, की उरलेली 37 टक्क्यांची घसरण अंगावर घ्यावी लागली नाही. घाबरून तळाला विकणाऱ्यासाठी तेही मोलाचे आहे.

2020 ची घसरण झटपट झाली, आणि तिथे नियम फसला. फेब्रुवारीअखेर बारा महिन्यांचा परतावा अजून धन होता. 23 मार्चला निफ्टी 7,610 वर आला आणि नियमाने विक्री सांगितली ती 31 मार्चला, 8,598 वर. तळ तोवर होऊन गेला होता. परतीची खूण ऑगस्टअखेर, 11,388 वर आली. सप्टेंबरअखेर परतावा पुन्हा ऋण झाला म्हणून 11,248 वर विक्री, आणि नोव्हेंबरअखेर 12,969 वर पुन्हा खरेदी. अशा उलटसुलट फेऱ्यांना व्हिपसॉ म्हणतात. महिन्यातून एकदाच पाहणारा नियम काही आठवड्यांत संपणाऱ्या कोसळण्यापुढे लंगडा पडतो, आणि बारा महिन्यांचा आकडा फक्त दोन टोकांवर अवलंबून असतो. मधे काय झाले हे तो पाहतच नाही. म्हणून काही जण सहा, नऊ आणि बारा महिन्यांचे वेगवेगळे कौल घेऊन पैसे तीन भागांत हलवतात.

मोजणी टीआरआयवर, म्हणजे लाभांश धरणाऱ्या निर्देशांकावर करावी. जुलै 2020 अखेर निफ्टीचा साधा आकडा शून्याच्या किंचित खाली होता, लाभांश धरला तर किंचित वर. त्या एका फरकाने परतीची खरेदी महिनाभर आधी, 11,073 वर झाली असती.

खर्चात सर्वांत जड असतो तो कर. जुलै 2024 पासून इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतर सवा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. प्रत्येक परतीच्या खरेदीने वर्षाची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. लिक्विड फंडाच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणून कागदावरचा परतावा आणि हातात येणारा परतावा यांत सर्वांत मोठी तफावत व्हिपसॉच्या वर्षांतच पडते.

फंड दोन-तीन घेताना ते एकाच लाटेवर हलत नाहीत ना, हे तपासावे लागते. निफ्टी 50 आणि नेक्स्ट 50 ही जोडी संकटात बहुधा एकत्रच पडते. अमेरिकेच्या एस अँड पी 500 ची गोष्ट निराळी. मार्च 2020 अखेर लाभांश धरून डॉलरमध्ये त्याचा बारा महिन्यांचा परतावा सुमारे उणे सात टक्के होता, पण वर्षभरात डॉलर 69 रुपयांवरून 75 वर गेल्यामुळे रुपयांत तोच आकडा जेमतेम शून्याच्या वर राहिला. डॉलरमध्ये मोजणारा बाहेर पडला. रुपयांत मोजणारा आतच राहिला आणि त्याला एप्रिलची सगळी उसळी मिळाली.