दहापट झूममध्ये खरे पिक्सेल किती?

"फोनवर 10x दिसतंय, म्हणजे कॅमेरा दहापट जवळचं टिपतो ना?"

टेलिफोटो भिंग नसेल, तर नाही. १२ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. डिजिटल झूम त्यातला मधला ४०० बाय ३०० चा तुकडा कापून ताणतो. उरलेले पिक्सेल अंदाजाने भरलेले, म्हणून पाटीवरची अक्षरं लोण्यासारखी पसरतात.

तेवढ्याच मेगापिक्सेलचं पाचपट टेलिफोटो असेल, तर भिंगच दृश्य मोठं करतं. पुढे दुप्पटच कापावं लागतं आणि २००० बाय १५०० खरे पिक्सेल हाती येतात.

गंमत म्हणजे अंधारात किंवा वस्तू फार जवळ असली, की पुष्कळ फोन 5x दाबूनही गुपचूप मुख्य कॅमेराच वापरतात. तपासायचं तर 5x दाबून फोनच्या मागच्या टेलिफोटो भिंगावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर चित्र दुसऱ्याच भिंगातून येतंय.